‘आमची माती’ आणि ‘सुंदर माझं घर’ यांच्या मधली जागा

मुंबई दूरदर्शनच्या जुन्या दिवसांवर बोलणं निघालं की दोन नावं हमखास येतात. एक ‘आमची माती आमची माणसं’, दुसरं ‘सुंदर माझं घर’. पहिला कार्यक्रम शेतकऱ्यांचा, दुसरा गृहिणींचा. पहिल्याचं नाव घेताच कुणीतरी ‘गप्पागोष्टी’ म्हणतं आणि राजा मयेकरांचा आवाज काढायला लागतं. त्या गप्पांमधून कोणतं बियाणं, कोणतं खत, कोणती फवारणी सांगितली गेली, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. दुसऱ्याचंही तसंच आहे. कार्यक्रमाचं नाव, निवेदिकेचं बोलणं, तिची साडी लक्षात असते. कृती विसरलेली असते.

आठवण अशीच चालते, त्यात नवल काही नाही. पण या कार्यक्रमांबद्दल गेली काही दशकं जो विचार झाला आहे, त्यात या विसरण्याला महत्त्व आहे. कारण हे कार्यक्रम लक्षात राहण्यासाठी नव्हते, उपयोगी पडण्यासाठी होते. ते उपयोगी पडले का, कुणाच्या पडले, आणि आज त्यांच्या आठवणी सांगणारे लोक कोण आहेत, या तीन प्रश्नांवर काय काय म्हटलं गेलं आहे आणि कुठे गाडी अडली आहे, ते इथे क्रमाने पाहायचं आहे. भर मराठी कार्यक्रमांवर आहे. दिल्ली आणि गुजरात तुलनेपुरते.

रेडिओची पायवाट

दूरचित्रवाणीने शेतकऱ्याशी बोलायची रीत स्वतः शोधली नाही. ती रेडिओकडून घेतली, आणि त्या रीतीचा एक महत्त्वाचा प्रयोग पुण्यात झाला होता. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं स्थापन केली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातली मंडळी एकत्र बसून अर्धा तास ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, आणि अडलेले प्रश्न पत्राने केंद्राला कळवायची. उत्तरं पुढच्या एखाद्या कार्यक्रमात मिळायची. ‘ऐका, चर्चा करा, करून पाहा’ असं त्याचं सूत्र होतं.

या प्रयोगाची पाहणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केली. त्याने तीन तऱ्हेची गावं घेतली: रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि दोन्ही नसलेली. माहितीतली वाढ पहिल्या प्रकारच्या गावांत ठळक दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच कमी होती. म्हणजे यंत्रापेक्षा यंत्राभोवतीची बैठक जास्त काम करून गेली. पुढे टीव्हीबद्दल जेवढे वाद झाले त्या सगळ्यांच्या मुळाशी हा निष्कर्ष आहे. मात्र त्या बैठकांतली माणसं प्रामुख्याने पुरुष होती, हेही तिथेच नोंदवून ठेवायला हवं.

बायकांसाठी रेडिओवर वेगळी सोय होती. मुंबई केंद्राचं ‘वनिता मंडळ’ दुपारी लागायचं, आणि लीलावती भागवतांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. पुण्यात ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकर होते. शेतीचा कार्यक्रम एका खोलीत तयार व्हायचा आणि स्त्रियांचा दुसऱ्या. खोल्यांची ही वाटणी पुढे टीव्हीच्या इमारतीत जशीच्या तशी गेली.

दिल्लीची ऐंशी गावं आणि वरळी

भारतात टीव्ही 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. शेतीसाठी त्याचा वापर व्हायला आणखी सात वर्षं गेली. 26 जानेवारी 1967 रोजी ‘कृषिदर्शन’ सुरू झालं, दिल्लीच्या आसपासच्या निवडक 80 गावांसाठी. गावात सामुदायिक संच बसवले गेले. भारतीय कृषी संशोधन संस्था, आकाशवाणी, दिल्ली प्रशासन आणि अणुऊर्जा विभाग हे त्यातले भागीदार. शेतीच्या कार्यक्रमात अणुऊर्जा विभाग कुठून आला, असं वाटेल. तो विक्रम साराभाईंमुळे आला. उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत टीव्ही नेण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात होती आणि त्याआधी एवढ्याशा परिघात ती तपासून पाहायची होती.

मुंबईचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. ते वर्ष दुष्काळाचं होतं. राज्यात लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि रेशनवर लाल मिलो मिळत होता. त्याच वर्षी मे महिन्यात दापोली आणि परभणीची कृषी विद्यापीठं स्थापन झाली. राहुरी आणि अकोला त्यांच्याआधी काही वर्षांची. म्हणजे वरळीच्या स्टुडिओत येऊन बोलणारा तज्ज्ञ ज्या संस्थेतून यायचा, ती संस्थाही त्याच सुमारास उभी राहत होती. 1973 मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्याकडचा टापू जोडला गेला. तरीही बराच काळ मुंबई दूरदर्शनचा शेतकरी म्हणजे ठाणे, कुलाबा आणि पुण्याच्या आसपासचाच. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत हे चित्र पोचायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

मधल्या काळात ‘साइट’ झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, पण प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी एक छोटा प्रक्षेपक उभा राहिला आणि तिथे अगदी स्थानिक कार्यक्रम बनू लागले. 1983 मध्ये इन्सॅट-1बी आला आणि त्यावरून ज्या सहा राज्यांसाठी ग्रामीण कार्यक्रम सुरू झाले, त्यांत महाराष्ट्र होता.

पडद्यावर काय दाखवता येतं: एक उदाहरण

आता थोडं थांबून एखादा विषय टीव्हीवर कसा उतरतो ते पाहू. मिठाच्या पाण्यातली भाताच्या बियाण्याची निवड घेऊ. हा विषय शेती-कार्यक्रमांचा दरवर्षीचा, मे महिन्यातला. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं. त्यात बियाणं हळूहळू ओतून ढवळायचं. पळींज, म्हणजे पोचट दाणा, वर तरंगतो. भरलेला दाणा तळाशी बसतो. तरंगणारे दाणे काढून टाकायचे. तळाचं बियाणं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, सावलीत चोवीस तास सुकवायचं आणि मग पेरायचं. भरलेले दाणे सारखे उगवतात, त्यामुळे तरवा एकसारखा होतो आणि लावणीला एकाच वेळी येतो. खर्च जवळजवळ काहीच नाही.

रेडिओवर हे सांगताना ‘पोचट दाणे तरंगतील’ एवढंच म्हणता येतं. टीव्हीवर घमेल्यातलं पाणी दिसतं, वर आलेला थर दिसतो, आणि आपण दरवर्षी बियाणं म्हणून काय पेरतो याचा धक्का बसतो. टीव्हीच्या बाजूने बोलणारे ज्या ताकदीचा उल्लेख करतात ती हीच. शब्दाने न पटलेली गोष्ट एका क्लोज-अपने पटते.

पण याच उदाहरणात टीव्हीची खोटही आहे. स्टुडिओतलं प्रात्यक्षिक सात-आठ मिनिटांचं. त्यात चोवीस तासांचं सुकवणं कसं दाखवणार? शेजारी आधीच सुकवलेलं बियाणं ठेवलेलं असतं, आणि ‘हे बघा, असं सुकल्यावर’ म्हणत गाडी पुढे जाते. धुणंही एकदाच दिसतं, दोन-तीनदा नाही. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात पक्कं बसतं, आणि जे पाहिलं नाही ते कानावर पडूनही निसटतं. मीठ नीट धुतलं गेलं नाही तर उगवण कमी होते. मग शेतकरी म्हणतो, ‘टीव्हीवर सांगितलं ते केलं आणि बियाणं वाया गेलं.’ दोष उपायाचा नसतो, कापलेल्या तीन मिनिटांचा असतो. पाककृतीतही नेमकं हेच व्हायचं. भिजवलेली डाळ आणि आंबवलेलं पीठ तयार असायचं. ते किती तासांत आणि कोणत्या हवेत तयार झालं, हे शब्दांत राहायचं.

दुसरी अडचण रंगाची. भाताला नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. उसाला किंवा भुईमुगाला लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. शेतकऱ्याला ओळखायचा असतो तो हा फरक. कृष्णधवल पडद्यावर दोन्ही पानं करडीच. देशात रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आलं, आणि गावातले संच त्यानंतरही बरीच वर्षं कृष्णधवलच होते. म्हणून जाणता निवेदक पानाच्या रंगाऐवजी जागेवर बोट ठेवायचा: ‘खालचं पान की शेंड्याचं?’ चांगल्या आणि सुमार निवेदकातला फरक अशा ठिकाणी कळतो.

निवेदक म्हणजे दुभाषी

विद्यापीठातून आलेला तज्ज्ञ हेक्टरी बोलायचा. सुधारित भाताला हेक्टरी शंभर किलो नत्र, तीन हप्त्यांत विभागून. ऐकणाऱ्याकडे असायचे वीस गुंठे. त्याच्या मनात हेक्टर नव्हता, नत्रही नव्हतं. युरियाची गोणी होती. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे शंभर किलो नत्रासाठी सुमारे 217 किलो युरिया. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, तेव्हा गुंठ्याला दोन किलोहून थोडा जास्त. वीस गुंठ्यांना साधारण 43 किलो, तोही एकदम नाही, तीन वेळा मिळून. हे गणित तज्ज्ञाच्या तोंडून क्वचितच व्हायचं. शेजारी बसलेल्याने मध्येच अडवून ‘साहेब, गुंठ्याला किती ते सांगा’ म्हटलं तरच व्हायचं.

मराठी शेती-कार्यक्रमाने हा अडवणारा माणूस मुद्दाम घडवला. शिवाजी फुलसुंदर, माया गुजर, राजा मयेकर या मंडळींच्या ‘गप्पागोष्टी’ आठवून पाहा. पारावर चार जणं बसावीत तशी बसून बोलणारी पात्रं, त्यांतलं एक थोडं हेकट, एक चौकस, एक सगळं ठाऊक असल्याच्या तोऱ्यात. ही रचना कृषी खात्याच्या पुस्तिकेतून आलेली नाही. ती लोकनाट्याच्या बतावणीतून आली. राजा मयेकर शाहीर साबळ्यांच्या लोकनाट्यांतून, ‘यमराज्यात एक रात्र’सारख्या प्रयोगांतून घडलेले नट. पुढच्याच्या वाक्यात अडथळा आणायचा, चुकीचं समजल्याचं सोंग घ्यायचं आणि त्या निमित्ताने तीच गोष्ट दुसऱ्यांदा वदवून घ्यायची, हे सोंगाड्याचं जुनं काम. शेतीशिक्षणाला नेमकं तेच हवं होतं: कंटाळा न येता पुनरुक्ती.

माझ्या मते मराठी टीव्हीच्या त्या काळातला हा सगळ्यात मोलाचा शोध आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली आहे. मयेकर 2020 साली गेले तेव्हा त्यांच्याबद्दल पुष्कळ आपुलकीने लिहिलं गेलं. त्यांच्या विनोदाचं कौतुक झालं, पण हा विनोद माहिती देण्याचं एक अवजार होतं याकडे क्वचितच कुणाचं लक्ष गेलं.

घराचा कार्यक्रम

गृहिणींच्या कार्यक्रमाची घडण वेगळी. त्यात पारावरची चौकडी नव्हती. एक सुशिक्षित, शांत, स्वच्छ मराठी बोलणारी निवेदिका आणि तिच्यासमोर एखादी जाणकार पाहुणी असायची. ‘सुंदर माझं घर’शी सुहासिनी मुळगांवकर यांचं नाव निगडित आहे. त्या संस्कृतच्या अभ्यासक, गायिका. ‘संगीत मानापमान’ एकपात्री सादर करणाऱ्या. साहित्यिकांच्या मुलाखतींचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ही त्यांचाच. त्यामुळे घरच्या कार्यक्रमालाही एक सांस्कृतिक डौल आला. पाककृती, शिवणकाम, बालसंगोपन, आरोग्य, घरातली मांडणी हे नेहमीचे विषय, आणि अधूनमधून एखाद्या कर्तबगार स्त्रीची भेट.

काही विषय या माध्यमाला फार जुळायचे. ब्लाउजचं कटिंग शब्दांत सांगणं जवळजवळ अशक्य. कागदावर खडूने बगलेची गोलाई काढून दाखवली की दोन मिनिटांत समजते. काही विषय मुळीच जुळायचे नाहीत. वजनमापाचं प्रमाण पडद्यावर येऊन जायचं आणि पेन्सिल शोधेपर्यंत निघून जायचं. मासिकातली कृती पुन्हा वाचता येते. 1970 साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ ओट्यावर उघडं ठेवून रांधता येत होतं, आणि त्यात मापं वाटी-चमच्यांची होती. टीव्हीची कृती एकदाच. म्हणून तिथे कृतीपेक्षा हात पाहिला जायचा: पुरण किती घट्ट, पीठ किती सैल, पाक एकतारी झाला म्हणजे नेमका कसा दिसतो. छापील कृतीत न मावणारी गोष्ट पडद्याने दिली, आणि छापील कृती जे देत होती ते पडद्याला कधी जमलं नाही.

वेळेचा प्रश्न याहून अवघड. रेडिओचं ‘वनिता मंडळ’ दुपारी होतं, जेवणं आटोपून बाई जरा टेकायची तेव्हा. सुरुवातीच्या टीव्हीचं प्रसारण मुळात संध्याकाळचं. म्हणजे स्वयंपाकाचा कार्यक्रम स्वयंपाकाच्याच वेळी. कुकर लावायचा की तो कार्यक्रम पाहायचा, असा तिच्यापुढचा पेच. शहरात दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरातून मान वळवून पाहता यायचं. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या संचासमोर जाऊन बसणं गावच्या बाईला त्या वेळी कितपत जमत असेल, ते सांगायला पाहणी नको.

मतांचे तीन प्रवाह

या साऱ्याकडे पाहणाऱ्यांचे ढोबळ तीन प्रवाह आहेत.

पहिला विकासवाद्यांचा. साराभाई, चिटणीस आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या संशोधकांचं म्हणणं असं, की शाळा आणि विस्तार अधिकारी जिथे पोचत नव्हते तिथे हे माध्यम पोचलं. ‘साइट’च्या पाहण्यांचा त्यांना आधार आहे. त्यांत निरक्षर प्रेक्षकांना आणि स्त्रियांना आरोग्य, स्वच्छता, कुटुंबनियोजन अशा विषयांत चांगला लाभ झाल्याचं दिसलं. शेतीतले बदल मात्र मर्यादित राहिले. ज्या सुधारणांना वेगळा पैसा किंवा साधनं लागत नव्हती त्याच प्रामुख्याने उचलल्या गेल्या. मिठाच्या पाण्याचा उपाय घरच्या घरी होतो, म्हणून चालतो. ‘जया’ किंवा ‘रत्ना’ हे ठेंगणं भात लावायचं तर बियाणं, खत आणि हुकमी पाणी एकत्र लागतं, आणि ते पडद्यातून येत नाही. या प्रवाहातले जबाबदार लोक ही मर्यादा लपवत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुकानात बियाणं नसलं तर दोष टीव्हीच्या माथी मारू नये.

दुसरा प्रवाह चिकित्सकांचा. त्यांच्या मते हे बोलणं वरून खाली येणारं होतं: सांगणारा शहरातला, ऐकणारा गावातला, आणि उलट बोलायची सोय फक्त पत्रापुरती. न्यूराथने 1956 मध्येच दाखवलेली बैठक टीव्हीने सोडून दिली, हा त्यांचा कळीचा मुद्दा. संच बसवले, मंडळं टिकवणारी माणसं नेमली नाहीत. याला पर्याय होता हे सांगताना ते पीजकडे बोट दाखवतात. तिथे गावकऱ्यांच्या तक्रारी घेऊन अधिकाऱ्यांना उत्तरं द्यायला लावणारा ‘दाद फरियाद’ होता, मजुरी आणि जातीचे प्रश्न मांडणाऱ्या मालिका होत्या, आणि त्यांत स्थानिक लोक स्वतः कामं करायचे. त्याला उत्तर दिलं जातं ते असं: पीजचा प्रक्षेपक एका जिल्ह्यापुरता होता. वरळीहून एकाच वेळी कोकणातला भातवाला आणि पूर्व पुण्यातला बाजरीवाला यांच्याशी बोलायचं तर इतकं जवळ जाता येत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पीजचा प्रयोगही 1985 नंतर टिकला नाही, हे मात्र चिकित्सकांच्या मांडणीत अनेकदा मागे पडतं.

याच प्रवाहाची एक शाखा स्त्री-अभ्यासकांची. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1984 मध्ये दूरदर्शनच्या कार्यक्रमांवर अहवाल दिला, त्यात पडद्यावरच्या स्त्रीच्या चित्रणावर कडक टीका होती. बाईला घराच्या चौकटीत बसवणं हा त्या टीकेचा रोख. गृहिणींच्या कार्यक्रमांबद्दल यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, त्यांनी ‘सुंदर घर’ ही बाईचीच जबाबदारी ठरवून टाकली. दुसऱ्याचं म्हणणं, त्या काळात एखादी बाई कॅमेऱ्यासमोर अधिकाराने बोलते, दुसऱ्या बाईला तिच्या कामाबद्दल प्रश्न विचारते, आणि त्याची निर्मातीही बाईच असते, हेच मोठं होतं. कृती पाहायला बसलेल्या बाईने स्त्री-डॉक्टरला गर्भारपणाबद्दल मोकळेपणी बोलताना ऐकलं, त्याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा?

तिसरा प्रवाह अभ्यासकांचा नाही, आठवणी सांगणाऱ्यांचा आहे. त्यांना उपयोग मोजायचा नाही. एकच वाहिनी, मोजके तास, शेजाऱ्याच्या घरी जमलेली गर्दी, आणि घरातल्या माणसांसारखे झालेले निवेदक. त्यांच्या लेखी एवढं पुरेसं आहे. अभ्यासक या प्रवाहाला हलक्यात घेतात. मला ते पटत नाही. माणसं निवेदकाचं नाव चाळीस-पन्नास वर्षं जपतात याचा अर्थ त्या बोलण्यात काहीतरी विश्वास ठेवण्याजोगं होतं, आणि विश्वास ही विस्तार कार्यातली पहिली पायरी मानली जाते. फक्त ही आठवण कोणाची, हे विचारायला हवं.

आठवण कुणाची

सत्तरच्या दशकातले बहुसंख्य खासगी संच मुंबईत होते. ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं तेव्हा दादर-गिरगावातल्या घरांतही तेच दिसायचं, कारण दुसरं काही नव्हतंच. पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहत बसलेला चाळकरी शेतकऱ्याच्या वाटचा कार्यक्रम पाहत होता. कंटाळवाण्या बोलण्याला ‘कृषिदर्शन’ म्हणायची खोड शहरात लागली ती यातूनच. मयेकरांच्या गप्पांनी याच प्रेक्षकाला धरून ठेवलं, आणि आज लेखांतून, मुलाखतींतून आठवणी सांगतो तो प्रामुख्याने हाच प्रेक्षक. ज्याच्यासाठी कार्यक्रम होता त्या पेणच्या किंवा मावळच्या भातवाल्याने काय लक्षात ठेवलं, हे फारसं कुणी विचारायला गेलेलं नाही. ‘लोकांना निवेदक आठवतात, मजकूर आठवत नाही’ असं मी सुरुवातीला म्हटलं, ते या शहरी आठवणीबद्दल खरं आहे. शेतातल्या प्रेक्षकाबद्दल ते खरं आहे की नाही, हा खुला प्रश्न आहे. ज्याच्या दारात मे महिन्यात मिठाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं गेलं, त्याला कदाचित निवेदकाचं नाव आठवणार नाही आणि मिठाचं माप बरोबर आठवेल.

मूळ कार्यक्रम पाहून हे तपासावं म्हटलं तर तीही वाट अरुंद. त्या काळच्या चित्रफिती महाग होत्या. प्रसारण झालं की त्यांवर पुढचा कार्यक्रम मुद्रित व्हायचा. काही कार्यक्रम थेटच जायचे. जपलं गेलं ते नाटक, गाणं, थोरांच्या मुलाखती. रोजचा शेतीचा किंवा घरचा अर्धा तास कुणाला ठेवा वाटला नाही. त्यामुळे अभ्यासकांचे दावे आणि रसिकांच्या आठवणी या दोन्हींची पडताळणी करायला हाताशी फार थोडं उरतं.

दोन खोल्यांच्या मधली

शेवटी तो प्रश्न, जो तिन्ही प्रवाहांनी अर्धवट सोडला आहे. शेतकऱ्याचा कार्यक्रम आणि गृहिणीचा कार्यक्रम अशी वाटणी करताना शेतात राबणारी बाई कुठे गेली? 1971 च्या जनगणनेत माणसाला त्याच्या मुख्य कामावरून मोजलं गेलं. घरकाम मुख्य सांगितलेल्या असंख्य स्त्रिया शेतात दिवस घालवूनही काम न करणाऱ्यांत धरल्या गेल्या. 1972 च्या टीव्हीने तीच विभागणी पुढे चालवली. खुद्द 1972-73 च्या दुष्काळी कामांवर बायकांची संख्या किती मोठी होती, हे डोळ्यांसमोर असताना.

पुन्हा ते घमेलं घेऊ. कोकणात बियाणं राखणं, पाखडणं, निवडणं हे काम बव्हंशी घरातल्या बायकांचं. मिठाच्या पाण्याचा उपाय खरं तर तिला सांगायचा होता. तो सांगितला गेला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात, जो तिचा नवरा पारावर किंवा पंचायतीत बसून पाहत होता, ती चुलीपाशी असताना. तिच्यासाठीच्या कार्यक्रमात त्या आठवड्याला दुसरंच काही असे. मग ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचायची ती नवऱ्याने घरी येऊन सांगितली तर, आणि दोन-तीनदा धुवायचं हे त्याच्या लक्षात राहिलं तर.

‘गप्पागोष्टी’त माया गुजर होत्या, म्हणजे पारावर एक बाई बसलेली होती आणि बोलत होती, याला काही जण पुरावा म्हणून पुढे करतात. तो थोडा आहे, पण आहे. पीजच्या कार्यक्रमांत मजूर स्त्रियांचे प्रश्न थेट आले, हा दुसरा. उलट बाजूने असंही म्हणता येतं की शेतकरी स्त्रीसाठी तिसरा कार्यक्रम काढला असता तर तीही एक वेगळी खोलीच झाली असती. पहिल्या दोन खोल्यांचं दार उघडणं जास्त गरजेचं होतं. यावर अजून नीट वाद झालेला नाही. 26 मे 2015 रोजी शेतकऱ्यांसाठी पूर्ण वेळाची डीडी किसान वाहिनी सुरू झाली तेव्हा चर्चा झाली ती वाहिनीच्या खर्चाची आणि चेहऱ्यांची. तिच्या वेळापत्रकात बियाणं निवडणारी बाई कितीच्या ठोक्याला मोकळी असते, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

जे करता येण्याजोगं आहे ते मोठं नाही. ठाणे, रायगड, पुणे या पट्ट्यात आज सत्तरी ओलांडलेल्या, त्या काळी नव्याने नांदायला आलेल्या बायका आहेत. ‘टीव्हीवर कोण आवडायचं’ असं त्यांना बहुतेकांनी विचारलं असेल. ‘भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकायला तुम्ही कुणाकडून शिकलात’ असं विचारून पाहायला हवं.